बोंग बाईंचा दोनदा उलटलेला नाच

बोंग बाई कुणाला पाठ दाखवून शिकवत नाहीत, हे तोंगयोंगच्या बंदरात सगळ्यांना ठाऊक आहे. रांगा लावून नाचायचा लाइन डान्स शिकवणारे बाकीचे शिक्षक वर्गाकडे पाठ करून उभे राहतात. ते सोपं असतं. शिक्षकाचा उजवा तोच आपला उजवा, बघा आणि टाका. बोंग बाईंना तो उद्धटपणा वाटतो. त्या वर्गाकडे तोंड करतात, ठणठणीत आवाजात ‘उजवा’ म्हणतात आणि स्वतःचा डावा पाय टाकतात. समोरच्या बाईला आरशात बघितल्यासारखं वाटतं आणि तिचा उजवा पाय आपोआप सरकतो. हे बोलायला सोपं आहे. करून बघा, तिसऱ्या आकड्याला जीभ तरी अडखळेल नाहीतर पाय तरी.

बाईंना ही सवय लागली बसमध्ये. सुन-इम बोंग अठराव्या वर्षी बस कंडक्टर झाली. निळी टोपी, गळ्यात पिशवी, दारात उभं राहून बसच्या पत्र्यावर थाप मारायची की ड्रायव्हरने गाडी सोडायची. गर्दीकडे पाठ केली तर अर्धे फुकटात उतरतात, म्हणून तोंड कायम माणसांकडे. पुढे कंडक्टर मुलींची नोकरीच बंद झाली. सुन-इमने बोटीवरच्या इंजिन मिस्त्रीशी, ग्वांग-सिकशी, लग्न केलं, बोराम नावाची मुलगी वाढवली, सुकट निवडली, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी खांदा धरला म्हणून डॉक्टरांनी हलतं राहायला सांगितलं तेव्हा वॉर्ड ऑफिसच्या वरच्या मजल्यावर नाचायला गेली. खांदा सुटला, नाच काही सुटला नाही. आता पासष्टी उलटली तरी बाई तिथेच शिकवतात, आणि आवाज अजून बसच्या मागच्या बाकापर्यंत जाईल असा आहे.

इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे नाच शिकवले. कुणी सोलमधल्याने रचलेला, कुणी स्वीडनमधल्या बाईने. पावलं लिहिलेल्या कागदावर सगळ्यात वर रचणाऱ्याचं नाव असतं, आणि ते बाई न चुकता मोठ्याने वाचून दाखवतात. यंदा पहिल्यांदा त्यांनी स्वतः एक रचला. नाव ठेवलं ‘होडी लोटा’. आधी धक्क्यावरून चालल्यासारखं बाजूला जायचं आणि परत यायचं, मग तीन पावलं पुढे आणि चौथ्याला दोन्ही तळहातांनी होडी लोटायची, दोर ओढत मागे, लाटांसारखी कंबर, आणि शेवटी पाव फिरकी घेऊन पुढच्या दिशेला तोंड. मग तेच पुन्हा. चार फेऱ्या झाल्या की माणूस निघाला होता तिथेच येऊन उभा.

शरद ऋतूतल्या बंदराच्या उत्सवात गावातल्या सगळ्या वॉर्डांच्या बायकांनी चौकात एकत्र नाचायचं, असं नगरपालिकेच्या सांस्कृतिक विभागाने ठरवलं. तिथल्या साहेबांचं आडनाव नाम, वय कोवळं, फोन दोन. बाईंनी आपला नाच पुढे केला. नाम साहेब नम्रपणे म्हणाले की शिकवणार कोण आणि कधी, प्रत्येक वॉर्डात जायला तुम्हाला वेळ कुठे. सगळ्यांना पाठ असलेला जुना नाच आहेच की. बाई म्हणाल्या, व्हिडिओ करते. साहेब म्हणाले, करा. उत्सवाच्या आदल्या दिवशी तालमीला सगळ्यांना एकसारखं आलं तर तुमचा, नाहीतर जुना. बाईंनी वाकून नमस्कार केला आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरल्या.

व्हिडिओ केला ग्वांग-सिकने. हा माणूस आयुष्यभर बोटीच्या इंजिनाचा एकेक नट पुसून लावणारा. निवृत्त झाल्यापासून त्याला पुसायला काही उरलं नव्हतं. त्याने तिपाई आणली, दिवे आणले, शिकवण्याचे व्हिडिओ कसे करतात ते बघून बघून डोळे लाल केले, आणि बायकोला बजावलं की आधी लिही, मग बोल. मनात येईल ते बडबडलीस तर मी कापणार कुठे? बाईंना लिहायचा कंटाळा, पण लिहिलं.

आधी संगीतावर पूर्ण नाच, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की काय शिकायचंय. मग संगीत बंद, आकड्यांवर: ‘एक, उजवा बाजूला. दोन, डावा त्याच्या मागून. तीन, उजवा पुन्हा बाजूला. चार, डावा नुसता टेकवा, वजन देऊ नका. वजन दिलंत तर पाचाला तोच पाय उचलायचा आहे, आणि मग रडत बसाल.’ हे शेवटचं लिहिलेलं नव्हतं. ग्वांग-सिकने कापायला घेतलं आणि मग राहू दिलं. आठ-आठ आकड्यांचे चार तुकडे, प्रत्येक तुकडा झाला की मागच्याला जोडून पहिल्यापासून. त्यानंतर तेच निम्म्या वेगात. शेवटी पुन्हा संगीतावर, बरोबर नाचा म्हणून.

निम्म्या वेगाचं काम ग्वांग-सिकने मन लावून केलं. चित्र धक्के खात चालू नये म्हणून कॅमेऱ्याला सेकंदाला दुप्पट चित्रं घ्यायला लावलं. पाय दिसावेत म्हणून पुन्हा एकदा नुसत्या गुडघ्याखालचं घेतलं. आवाजाचा वेग मात्र निम्मा केला तर बोंग बाई व्यायला आलेल्या म्हशीसारख्या ऐकू येत होत्या. तो हसून खुर्चीवरून पडायचा राहिला, आणि बायकोला ऐकवायची हिंमत नसल्यामुळे त्याने तिथला आवाज पूर्ण काढून टाकून टिक्-टिक् घातलं.

आणि मग त्याने शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा नट आवळला. शिकवण्याचा व्हिडिओ आरशासारखा उलटवायचा असतो, असं त्याला जिथे तिथे वाचायला मिळालं होतं. खरंच आहे ते. शिक्षक आपल्या उजव्या पायाने समोरून नाचतो, तो बघणाऱ्याच्या डावीकडे दिसतो, म्हणून चित्र उलटवतात आणि मग बघणाऱ्याला सरळ पडतं. ग्वांग-सिकने उलटवलं. उलटं दिसायला नको म्हणून मागचं कॅलेंडर त्याने आधीच उतरवून ठेवलं होतं आणि बायकोला बिनअक्षरांचा सदरा घालायला लावला होता. काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही.

बायको मुळातच उलटी नाचते, एवढंच त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तो तिच्या वर्गाला कधी गेलाच नव्हता.

बाईंनी तो व्हिडिओ पाहिला का? नाही. स्वतःचा चेहरा पडद्यावर बघितला की त्यांना आपली सासू आठवते. त्यांनी फक्त ऐकला, भांडी घासताना. आवाज चोख होता. खाली लोकांचे शेरे येत राहिले: धन्यवाद बाई, झकास बाई, गुडघा दुखतो पण थांबवत नाही बाई. एकीने विचारलं होतं की पाय नक्की कुठला टाकायचा. बाईंनी तिला उत्तर लिहिलं, ‘कान साफ करून ऐका.’

तिने ऐकलं असेल. पण सगळ्या गावाने ऐकलं नव्हतं.

खाली धक्क्याजवळ कालवं सोलणाऱ्या बायका असतात. रबरी हातमोजे, हातात सुरी, पुढ्यात शिंपल्यांचा डोंगर. त्यांची पुढारी मेंग ताई. तिने फोन खिळ्याला टांगला आणि बोंग बाईंचा आवाज दिवसभर लावून ठेवला. बघायला मान वर करणार कोण? सुरी बोटात जायची. त्या सगळ्या ऐकून शिकल्या, कालव सोलता सोलता ‘उजवा, मागून, उजवा, टेक’ असं पुटपुटत, आणि जेवणाच्या सुट्टीत उभ्या राहून पाय टाकत. त्यांचा उजवा तो उजवा, बाईंच्या शब्दाबरहुकूम.

वरच्या टेकडी वॉर्डात क्वाक ताईंचं राज्य. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, घरी भिंतभर टीव्ही. त्यांच्या दिवाणखान्यात नातू झोपलेला असायचा, म्हणून आवाज बंद करून बायका जमायच्या. क्वाक ताईंनी ठरवलं की घाई नको, निम्म्या वेगाचा भागच पुन्हा पुन्हा लावायचा. पडद्यावर बोंग बाईंचा पाय जिकडे जाईल तिकडे आपला. तो गेला डावीकडे. खाली अक्षरांत ‘उजवा पाय’ लिहून यायचं, पण चष्मा लावून नाचणार कोण, आणि समोर माणूस करून दाखवत असताना वाचणार कोण?

बाकीचे वॉर्डही असेच वाटले गेले, काही कानांचे, काही डोळ्यांचे.

तालमीच्या दुपारी चौक गजबजला. आरमारासारख्या रांगा लागल्या. टेकडीच्या बायका जांभळ्या सदऱ्यांत, कालववाल्या गुलाबी सदऱ्यांत, आणि दोन्ही रांगा शेजारी शेजारी, कारण नाम साहेबांना रंग जुळलेले आवडले. बाई समोर, अर्थातच तोंड करून. ग्वांग-सिक कॅमेरा घेऊन कठड्यावर चढला. बाईंना रात्रभर झोप लागली नव्हती, आणि आता हसू आवरत नव्हतं. आपण रचलेली पावलं इतके पाय एकदम टाकणार, या कल्पनेनेच त्यांचे गाल गरम झाले होते.

‘पाच, सहा, सात, आठ,’ त्यांनी आरोळी दिली.

एकाला जांभळ्या डावीकडे निघाल्या आणि गुलाबी उजवीकडे. मधे जांभळं संपून गुलाबी सुरू होत होतं, तिथे एक मोकळी गल्ली पडली, आणि बाईंना वाटलं काहीतरी चुकतंय. पाचाला सगळ्या परत आल्या आणि ती गल्ली बंद झाली. फार जोरात बंद झाली. कुणाची टोपी उडाली. कुणी ‘अगं बाई’ म्हणून दुसरीच्या गळ्यात पडली. पुढची तीन पावलं दोन्हीकडच्या बऱ्या गेल्या, म्हणून सगळ्यांना धीर आला, आणि मग पाव फिरकी आली. निम्म्या समुद्राकडे वळल्या, निम्म्या बाजाराकडे, आणि पुढच्या ‘एक’ला तर रांगांचं कालवण झालं. मेंग ताई एका जांभळ्या बाईच्या पोटावर नाक आपटून थांबल्या आणि तिथूनच हसायला लागल्या.

संगीत बंद झालं. नाम साहेबांनी एका फोनमधून डोकं वर काढलं आणि दुसऱ्यात घातलं. मग ते बाईंपाशी आले. त्यांना वाईट वाटत होतं, ते त्यांनी सांगितलं. उद्या सकाळी पाहुणे येणार, टीव्हीवाले येणार. बायकांनी एक घोट रस्सा पिऊन घ्यावा, मग जुनाच नाच एकदा करून बघू.

बाईंनी कठड्यावरच्या नवऱ्याकडे बघितलं, आणि तो खाली उतरला.

इकडे माशांच्या वड्यांचा रस्सा कुणी पीत नव्हतं, कारण भांडण लागलं होतं. क्वाक ताईंचं म्हणणं, कालववाल्यांनी मन लावून शिकायला हवं होतं. मेंग ताईंचं म्हणणं, भिंतीएवढा टीव्ही असून माणसाला उजवंडावं कळत नसेल तर टीव्ही विकावा. क्वाक ताई म्हणाल्या, चौकच उतरता आहे. मेंग ताई म्हणाल्या, हो, नाचता येईना अंगण वाकडं, हे शाळेत तुम्हीच शिकवत होतात ना?

‘मी पडद्यावर पाहिलंय,’ क्वाक ताई म्हणाल्या. ‘या डोळ्यांनी. शंभरदा. निम्म्या वेगात.’

‘मी बाईंच्या तोंडून ऐकलंय,’ मेंग ताई म्हणाल्या. ‘कालवाची शपथ.’

‘उभी राहा समोर. दाखवतेच तुला.’

‘दाखवा की. हातच्या काकणाला आरसा कशाला?’

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, हात कमरेवर. संगीत नव्हतं. दोघी आपापले आकडे मोठ्याने मोजायला लागल्या, एकमेकींच्या डोळ्यांत डोळे घालून, जिच्या पावलात चूक दिसेल तिला जागच्या जागी गाडायच्या तयारीने.

एकाला दोघी समुद्राकडे सरकल्या. एकाच बाजूला. दोनाला दोघींचा पाय मागून आला. चाराला टेक. पाचाला दोघी परत. मग तीन पावलं पुढे, दोघी एकमेकींवर चालून आल्या. चौथ्याला होडी लोटायची होती, दोघींनी तळहात पुढे केले, आणि ते चारी तळहात मधोमध एकमेकांवर फाट्कन बसले.

जमलेल्या बायकांचा रस्सा सांडला.

दोघी थांबल्या नाहीत. थांबणं म्हणजे हरणं. दोर ओढत मागे गेल्या, कंबर हलवली, फिरकी घेतली, आणि दोघींची तोंडं समुद्राकडे झाली, शेजारी शेजारी उभ्या असल्यासारखी. पुढच्या फिरकीला दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या, आणि ते दोघींनाही मनापासून पसंत दिसलं. त्यापुढच्या फिरकीला दोघींची तोंडं बाजाराकडे. चौथीला पुन्हा समोरासमोर. एकही पाऊल दुसरीपासून केसभर हललेलं नाही.

‘अहो,’ मेंग ताई धापा टाकत म्हणाल्या, ‘ही तर मीच आहे.’

बाई नवऱ्याकडे वळल्या. तो कॅमेरा छातीशी धरून उभा होता.

‘बोरामचे बाबा,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही व्हिडिओ उलटवलात?’

‘उलटवायचाच असतो,’ तो म्हणाला. ‘सगळीकडे लिहिलंय. आरशासारखा.’

‘आरसा तर मी होते.’

‘तू?’

‘मी उजवा म्हणून डावा टाकते. आज इतकी वर्षं. तुम्हाला माहीत नाही?’

ग्वांग-सिकने मनात हिशेब केला. एकदा उलटं, पुन्हा उलटं. इंजिनात असं झालं तर बोट मागे जायची ती पुढे जाते. त्याचे कान तांबडे झाले. तो म्हणाला की घरी जाऊन आत्ता नीट करतो, एका बटणाचं काम आहे, आणि त्याला एवढंही कळलं नाही की बायकोचं लक्ष केव्हाच त्याच्यावरून उडालंय.

बाईंच्या डोक्यात रांगा फिरत होत्या. समोरासमोर, समुद्राकडे, पाठीला पाठ, बाजाराकडे, समोरासमोर. त्यांनी असा नाच रचलाच नव्हता. त्यांना असा सुचलाही नसता. त्या पळत नाम साहेबांकडे गेल्या आणि त्यांच्या हातातला एक फोन काढून घेतला, कारण त्याशिवाय ते वर बघत नसत. एकदा, फक्त एकदा, असं काहीतरी त्या म्हणाल्या. साहेबांनी घड्याळ बघायला दुसरा फोन वर केला, तोही त्यांनी घेतला.

मग त्यांचा कंडक्टरचा आवाज चौकभर फिरला. ज्या बघून शिकल्या त्यांनी या बाजूला, ज्या ऐकून शिकल्या त्यांनी त्या बाजूला. आपण कुठल्या, हे कळत नसेल तर डोळे मिटा आणि एक पाऊल टाका. जिकडे पाय जाईल तिकडची. बायका डोळे मिटून पाऊल टाकू लागल्या आणि पटापट वेगळ्या पडल्या, सुकट आणि कोळंबी निवडावी तशा. चौकाच्या एका अंगाला डोळेवाल्यांची लांब रांग, दुसऱ्या अंगाला कानवाल्यांची, तोंडं एकमेकींकडे, मधे सहा पावलांचं अंतर. क्वाक ताई आणि मेंग ताई आपोआप समोरासमोर आल्या.

आता बाईंनी कुठे उभं राहायचं? त्या क्षणभर गोंधळल्या. मग कानवाल्यांकडे तोंड करून डोळेवाल्यांच्या रांगेत शिरल्या, क्वाक ताईंच्या शेजारी. तोंडाने ‘उजवा’ म्हटलं की समोरची रांग उजवीकडे जाणार, आणि त्यांचा स्वतःचा पाय जाणार डावीकडे, शेजारणींबरोबर. इतक्या वर्षांत बाई पहिल्यांदाच रांगेतल्या एक झाल्या होत्या.

‘पाच, सहा, सात, आठ.’

दोन्ही रांगा एकदम समुद्राकडे लवल्या आणि परत आल्या. मग दोन्ही बाजूंनी तीन पावलं, आणि चौथ्याला सगळ्या होड्या एकदम लोटल्या गेल्या. असा आवाज झाला की मासळी बाजारातले लोक दुकानं तशीच टाकून बघायला आले. कठड्यावरचे सीगल उठले. बायका किंचाळून हसायला लागल्या आणि हसता हसता दोर ओढत मागे गेल्या. फिरकी. सगळा चौक समुद्राकडे बघतोय. फिरकी. पाठीला पाठ. फिरकी. सगळा चौक बाजाराकडे, आणि बाजार टाळ्या वाजवतोय. फिरकी, आणि पुन्हा आपली समोरची बाई जिथल्या तिथे, घामाघूम, तळहात पुढे करून तयार.

फोन परत मिळावेत म्हणून नाम साहेब दोन रांगांच्या मधल्या गल्लीतून बाईंकडे येत होते. नेमके तेव्हाच तीन पावलं पुढे आली. त्यांनी आधी डावीकडे उडी घेतली, मग उजवीकडे, आणि चौथ्याला दोन्हीकडच्या तळहातांनी त्यांना असं लोटलं की ते टायसकट गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचले. तिथून ते ओरडले. संगीतात काही ऐकू आलं नाही, पण हात हवेत होते, दोन्ही.

संगीत थांबल्यावर ते केस सारखे करत आले. म्हणाले, उद्या हाच, असाच. फक्त टीव्हीवाल्यांना सांगावं लागेल की हे मुद्दाम आहे.

बाई म्हणाल्या, ‘मुद्दामच आहे.’ ग्वांग-सिक त्यांच्या मागे उभा होता, त्याने मान खाली घातली. बाईंनी त्याच्या हातात भाताच्या गुंडाळ्यांचा डबा दिला, वर स्क्विडचा मोठा तुकडा ठेवला, आणि व्हिडिओला हात लावलात तर याद राखा असं बजावलं.

तेवढ्यात पुन्हा आवाज चढले. आता वाद नवा होता. क्वाक ताईंचं म्हणणं की मूळ नाच त्यांचा, मेंग ताई म्हणजे त्यांचा आरसा. मेंग ताईंचं म्हणणं की आरशाला कधी घाम येत नाही, आणि घाम तर इथे मला आलाय, तेव्हा आरसा तुम्ही. दोघी निवाड्याला बाईंकडे आल्या. बाईंनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि मला इथून सांगता येत नाही, पुन्हा एकदा करून दाखवा, असं म्हणाल्या. दोघी तावातावाने समोरासमोर गेल्या. त्यांच्या मागे रस्सा, वाट्या, पिशव्या जागच्या जागी टाकून दोन्ही रांगा धावल्या.